तीन प्रतींच्या बिलात पिवळी प्रत वाचताच येत नाही. रिबन कुठली घ्यावी?

भोसरी_पार्ट्स
नमस्कार मंडळी. भोसरीला आमचं स्पेअर पार्ट्सचं होलसेल दुकान आहे. बिलिंगला एपसनचा एलएक्स ३१० डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि दहा बाय बाराचा तीन प्लाय एनसीआर पेपर. पांढरी प्रत गिऱ्हाइकाला, गुलाबी टेम्पोवाल्याला, पिवळी आमच्या फाइलला. दीडेक महिन्यापासून पांढरी प्रत ठणठणीत काळी येते, गुलाबी बरी, पण पिवळीवर ३ आणि ८ मधला फरकच कळत नाही. दोनदा रिबन बदलली, दुसरी तर जरा महागातली होती. काडीचा फरक नाही. जास्त गडद शाईची रिबन कुणाला माहीत आहे का? पुण्यात कुठे मिळेल?

तपकीर_गल्ली
रिबन शोधणं आधी थांबवा. पिवळ्या प्रतीवर रिबनची शाई पोचतच नाही, मग शाई कितीही गडद असली तरी तिला काय फरक पडणार?

एनसीआर कागदात वरच्या पानाच्या पाठीवर रंगाच्या बारीक कुप्यांचा थर असतो आणि खालच्या पानाच्या पुढच्या बाजूला त्या रंगाला उठाव देणारा थर असतो. प्रिंटरच्या हेडमधली पिन ठोकली की कुपी फुटते आणि खालच्या पानावर अक्षर उमटतं. रिबन फक्त पांढऱ्या पानाला रंग देते. गुलाबी आणि पिवळी निव्वळ ठोक्यावर चालतात.

म्हणून तिन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. पांढरी फिकट आणि पिवळी स्पष्ट असेल, तर रिबन संपली. पांढरी काळी आणि पिवळी फिकट असेल, तर ठोका खालपर्यंत जात नाही. तुमचा दोष दुसऱ्या प्रकारातला आहे. प्रिंटरच्या आत, झाकणाखाली, कागदाच्या जाडीचा लिव्हर असतो. तो सध्या कितीवर आहे ते सांगा.

कसबा_पेठ
लिव्हर सरळ शून्यावर आणा, काम झालं. हेड जितकं जवळ तितका ठोका जोरात. आमच्याकडे कायम शून्यावरच असतो.

तपकीर_गल्ली
@कसबा_पेठ, जवळ आणलं की ठोका वाढतो हे बरोबर. पण शून्य हा आकडा एका साध्या कागदासाठी आहे. तीन प्लायवर शून्य ठेवलं तर हेडच्या नाकासमोर कागद, रिबन आणि पत्र्याची पट्टी सगळंच दाटीवाटीने बसतं. हेड चालता चालता ठोकतं, थांबून ठोकत नाही. पिन ठोकून मागे पूर्ण सुटायच्या आत हेड पुढे सरकलं की तिचं टोक रिबनच्या विणीत अडकतं. आधी पांढऱ्या पानावर अक्षरांच्या मागे राखाडी फराटे दिसायला लागतात, मग रिबनला दोरे सुटतात, आणि एक दिवस पिन वाकते. वाकलेली पिन सरळ होत नाही, हेडच बदलावं लागतं. एलएक्सचं हेड आणि रिबन यांच्या किमतीतला फरक तुम्हाला माहीत आहेच.

तुमच्या पांढऱ्या प्रतीवर फराटे येतात का ते एकदा उजेडात बघा.

कसबा_पेठ
फराटे येतात थोडे. मला वाटलं शाई जास्त आहे.

शुभदा_कोथरूड
मी मध्येच विचारते, विषयाला सोडून वाटलं तर माफ करा. डॉट मॅट्रिक्सचा एवढा खटाटोप हवाच कशाला? लेझरवर तीन प्रती काढल्या तर जीएसटीत चालत नाही का?

लेखा_सदाशिव
शुभदाताई, चालतं. नियम ४८ प्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात आणि त्यांवर मूळ प्रत घेणाऱ्यासाठी, दुसरी वाहतूकदारासाठी, तिसरी पुरवठादारासाठी असं लिहावं लागतं. त्या कार्बनने काढाव्यात की वेगवेगळ्या छापाव्यात, हे नियम सांगत नाही. सेवेच्या बिलाला दोनच प्रती.

आणि उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस आलंच. त्या बिलांना तीन प्रतींची अट लागू नाही, हे त्याच नियमाच्या पोटनियम ६ मध्ये आहे. पण तिथे क्यूआर कोड छापावा लागतो, आणि ९ पिनच्या हेडला तो दाट कोड नीट जमत नाही. चौकटी एकमेकींत मिसळतात आणि स्कॅनर वाचत नाही. ई-इनव्हॉइस असलेल्यांनी लेझरच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

भोसरी_पार्ट्स
आमची उलाढाल तेवढी नाही, ई-इनव्हॉइस लागत नाही. आणि दिवसाला दीडशे-दोनशे बिलं, टेम्पो दारात उभा असतो. एका फेरीत तिन्ही प्रती निघाल्या की फाडून हातात देता येतात, म्हणून हाच प्रिंटर.

लिव्हर बघितला. ४ वर आहे! मागच्या महिन्यात मुलाने जाड पाकिटं छापली होती, तेव्हाच हलवलेला दिसतोय.

तपकीर_गल्ली
मग निम्मं उत्तर तिथेच सापडलं. हेड कागदापासून लांब गेलंय. पिन ठराविकच बाहेर येते. अंतर वाढलं की ती आपल्या धावेच्या शेवटाला जाऊन कागदाला टेकते आणि तोवर तिचा जोर सरलेला असतो. पांढऱ्या पानाला तेवढं पुरतं, कारण तिथे रिबनचा नुसता स्पर्श झाला तरी रंग लागतो. तिसऱ्या पानापर्यंत जायला खरा दाब लागतो.

आता असं करा. प्रिंटर बंद करून लिव्हर २ वर आणा. तीन प्लायसाठी सुरुवात साधारण तिथून करतात, तरी तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला तक्ता एकदा बघून घ्या. एक खरं बिल छापा आणि पिवळ्या प्रतीवर फक्त आकडे वाचा: ३, ८, ६, ९. मग एकने खाली आणून तेच बिल परत छापा. पिवळी सुधारली आणि पांढऱ्यावर फराटे आले नाहीत तर तिथेच ठेवा. फराटे दिसले किंवा हेड सरकताना घासल्याचा आवाज आला की लगेच एकने वर. तुमच्या कागदाची जाडी दुसऱ्याच्या कागदासारखी असेलच असं नाही, त्यामुळे कुणाचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. माझाही नाही.

पाकिटं किंवा लेबलं छापून झाली की लिव्हर परत जागेवर आणायचा, हे प्रिंटरवर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा.

मार्केट_यार्ड
कागदाचं काय ते कुणी विचारलंच नाही. गुलटेकडीला पावसाळ्यात हा त्रास सगळ्यांना होतो. खोके जमिनीवर ठेवले की ओल धरते, कागद फुगतो, कडेची भोकं दात्यांवर नीट बसत नाहीत. आणि खोक्यांवर खोकी रचली तर खालच्या खोक्यातल्या कुप्या दाबानेच फुटतात. मग कोऱ्या कागदावरच निळसर डाग येतात आणि ठोक्याला फुटायला कुप्याच उरत नाहीत. तपासायचं सोपं आहे. कोरा संच घ्या आणि नखाने पांढऱ्या पानावर जोरात रेघ ओढा. पिवळ्यावर रेघ स्पष्ट आली तर कागद चांगला. नखानेही उमटत नसेल तर प्रिंटरला दोष देऊन उपयोग नाही.

तपकीर_गल्ली
मार्केट यार्डवाले, नखाची चाचणी मी सांगायलाच विसरलो होतो. आभार. ही सगळ्यात आधी करावी, पैसे लागत नाहीत.

प्रेस_शनिवार
आमची छोटी प्रेस आहे, अशा कागदावर बिलबुकं छापतो, म्हणून एक भर. क्रम उलटा झाला तरी प्रत येत नाही. सगळ्यात वरच्या पानाला फक्त पाठीवर थर, मधल्याला दोन्हीकडे, शेवटच्याला फक्त पुढे. पानांची थप्पी फिरवून दात्यांवर चढवली तर पिवळं पान वर येतं आणि खाली काहीच उमटत नाही. पेटी नवीन उघडली की आधी पांढरं पान हेडकडे आहे ना, ते बघायचं.

आणखी एक, उन्हात ठेवलेली पिवळी प्रत हळूहळू उडते. फाइल खिडकीत ठेवू नका.

भोसरी_पार्ट्स
नखाची रेघ छान आली. लिव्हर २ वर आणून बिल काढलं. पिवळी प्रत आता वाचता येते! १ वर अजून गडद आली, पण पांढऱ्या पानावर ओळींच्या मागे पुसट राखाडी दिसलं, म्हणून परत २ वर ठेवलं.

पण एक नवीन गोष्ट दिसली. पिवळ्या प्रतीवर उजवीकडची रक्कम स्पष्ट आहे आणि डावीकडचं मालाचं नाव फिकट. एकाच ओळीत. हे काय?

हेडवाला_नाना
सेल्फ टेस्ट काढा. बऱ्याच एलएक्सवर LF/FF बटण दाबून धरून स्विच चालू केला की ड्राफ्ट अक्षरांची टेस्ट निघते. साधा एक कागद घाला, लिव्हर शून्यावर. दोन गोष्टी बघा. अक्षरांच्या मधून एकाच उंचीवर पांढरी आडवी रेघ प्रत्येक ओळीत दिसते का? दिसली तर एक पिन गेली, आणि ती तिन्ही प्रतींवर त्याच जागी दिसणार. आणि साध्या कागदावरही डावी बाजू फिकट आहे का? थांबवायला पॉज दाबून प्रिंटर बंद करा.

भोसरी_पार्ट्स
काढली. पांढरी रेघ कुठेही नाही, सगळ्या पिना शाबूत दिसतात. पण डावी बाजू साध्या कागदावरही किंचित फिकट आहे, नीट बघितलं तर कळतं.

हेडवाला_नाना
म्हणजे कागद आणि लिव्हर दोघेही सुटले. हेड ज्या दांड्यावर सरकतं तो रोलरला समांतर राहिलेला नाही. डावीकडे अंतर जास्त, उजवीकडे कमी. लिव्हर सगळा दांडा एकदम हलवतो, एकच टोक हलवत नाही, म्हणून तो हा दोष घालवू शकत नाही.

खात्री अशी करा. प्रिंटर बंद, प्लग काढलेला, हेड गार झालेलं. रिबन काढून ठेवा. कागदाची लांब पट्टी हेडच्या नाकाच्या आणि रोलरच्या मधे सरकवा आणि डावीकडे, मधे, उजवीकडे हेड हाताने नेऊन पट्टी ओढून बघा. ओढ सगळीकडे सारखी लागली पाहिजे. डावीकडे पट्टी सैल निघाली तर तिथली फट मोठी.

दांड्याच्या टोकाला एक बुश असतो, तो थोडा फिरवून त्या बाजूचं अंतर कमी-जास्त करता येतं. पण ते फीलर गेज हातात असल्याशिवाय करू नका. प्रत्येक मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये गेजची जाडी दिलेली असते. डोळ्यांच्या अंदाजाने फिरवलं की उजवी बाजू बिघडते.

तपकीर_गल्ली
नानांशी बऱ्याच अंशी सहमत, पण रोलरही बघा. बिलाचा मजकूर कायम डावीकडे दाट आणि उजवीकडे विरळ असतो. वर्षानुवर्षं तिथेच ठोके बसून रबर डावीकडे टणक आणि चकचकीत होतं. टणक रबर पिनेला हवा तसा आधार देत नाही. नखाने रोलर दोन्हीकडे दाबून बघा. डावीकडे रबर दबत नसेल तर बुश फिरवून फायदा नाही.

हेडवाला_नाना
टणक रबराने फिकट येत असेल तर मग ठोका उलट जास्त कडक लागायला हवा. मला रोलरचा मुद्दा पटत नाही. झिजून खड्डा पडला असेल तर गोष्ट वेगळी.

तपकीर_गल्ली
झिजही म्हणतोय मी. असो, पट्टी ओढून बघितल्यावर कळेल.

रिबन_राजू
रिबनचं मूळ उत्तर कुणी दिलंच नाही, ते देऊ का? दादा, तुम्हाला आत्ता रिबनची गरज नाही. पण पुढे लागेल. तेव्हा काट्रिज पूर्ण नवं घ्या किंवा फक्त रिफिल कापड घ्या, दोन्ही मिळतं. रिफिल घेतलं तर रुंदी अर्धा इंच, आणि लांबी जुन्याएवढीच हवी. जास्त लांब कापड डब्यात कोंबलं की अडकतं. मुख्य बघायचं ते कापडाचा जोड. कापड सांधलेल्या जागी बोट फिरवा. उंचवटा लागला तर घेऊ नका, पिनेचं टोक नेमकं तिथे अडकतं.

आमच्याकडे काही लोक स्टॅम्प पॅडची शाई टाकून रिबन परत वापरतात. खर्च वाचतो, वाईट नाही.

हेडवाला_नाना
राजू, जोडाचं अगदी बरोबर, स्टॅम्प पॅडचं नाही. रिबनची शाई तेलकट असते, ती पिनांच्या टोकांना वंगणही देते. स्टॅम्प पॅडची शाई त्या जातीची नाही. ती पिनांच्या भोकांत सुकून चिकटते आणि पिन मागे यायला उशीर करते. सुरुवातीला अक्षरं काळी दिसतात, मग एक पिन अडकते, मग दुसरी. अशी हेडं माझ्या टेबलावर येतात तेव्हा नाकावर जांभळट कवच असतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून काढावं लागतं आणि तरी सगळी सुटतातच असं नाही.

रिबन_राजू
बरं, हे माहीत नव्हतं. बंद करायला सांगतो.

कसबा_पेठ
रिबन बसवताना माझ्याकडून नेहमी पिळा पडतो. एकदा क्रम सांगा ना कुणीतरी.

रिबन_राजू
स्विच बंद. हेड नुकतंच चाललं असेल तर पाच-दहा मिनिटं हात लावू नका, नाक चांगलंच तापलेलं असतं. हेड हाताने मधोमध आणा. जुन्या काट्रिजचे दोन्ही कडेचे भाग धरून वर उचला आणि हेडवरची प्लॅस्टिकची छोटी पट्टी अलगद काढा.

नवं काट्रिज बाहेरच असताना गोल बटण बाणाच्या दिशेने फिरवा, सगळा ढिलेपणा आत जाईपर्यंत. पिळा इथेच पडतो. ढिलं कापड तसंच ठेवून बसवलं की ते उलटतं. मग दोन्ही बाजूंचे हुक खाचेत बसवा, टक् असा आवाज येतो. पट्टी हेडच्या खुंट्यांवर दाबा, तीही टक् वाजते. कापड हेडच्या नाकाच्या पुढून, सपाट गेलं पाहिजे. परत बटण फिरवा. शेवटी हेड डावीकडून उजवीकडे पूर्ण सरकवून बघा. कापड कुठे घडी पडत असेल किंवा पट्टीबाहेर येत असेल तर काढून परत बसवा. बटण कधी उलटं फिरवू नका.

मार्केट_यार्ड
आमच्या हिशेबनीसाला पिवळी प्रत अजून थोडी गडद हवी असते. लिव्हर न हलवता काही करता येतं का?

तपकीर_गल्ली
येतं. ड्राफ्टमध्ये हेड एकदाच फिरतं. डबल स्ट्राइक चालू केला की तीच ओळ दोनदा ठोकली जाते आणि खालची प्रत गडद होते. तुमच्या सॉफ्टवेअरमधून प्रिंटरला थेट कोड पाठवता येत असेल तर चालू आणि बंद करायचे हेक्स कोड असे:

```
1B 47
1B 48
```

सगळ्या बिलाला लावू नका. वेळ दुप्पट लागतो आणि दीडशे बिलांत हेड तापतं. फक्त एकूण रकमेच्या ओळीपुरता लावा. विंडोजच्या ड्रायव्हरमधून चित्रासारखं छापत असाल तर हे कोड उपयोगी नाहीत. तिथे मजकूर थेट टेक्स्ट म्हणून पाठवायला हवा.

लेखा_सदाशिव
रकमेची ओळ गडद हवी हे आम्हा हिशेबवाल्यांचंही मागणं आहे. आकडे शब्दांत लिहिलेली ओळही त्यात धरा, तीच तपासणीत कामाला येते.

भोसरी_पार्ट्स
पट्टी ओढून बघितली. उजवीकडे घट्ट, मधे बरी, डावीकडे स्पष्ट सैल. रोलर डावीकडे जरा चकचकीत आहे, पण नखाने दोन्हीकडे सारखाच दबतो असं मला वाटलं. ओढीतला फरक एवढा स्पष्ट असल्यामुळे नाना म्हणतात तेच असावं. सोमवारी बुश बघायला माणूस येतोय, गेज घेऊन या असं सांगितलंय.

तोवर लिव्हर २ वर आणि मालाचं नाव गडद करायला तेवढ्याच ओळींना डबल स्ट्राइक लावलाय. पिवळ्यावर ३ आणि ८ आता वेगळे दिसतात. पाकिटांची चिठ्ठी लिव्हरच्या शेजारीच चिकटवली.

तपकीर_गल्ली
छान. बुश फिरवल्यावर लिव्हर कितीवर बसतो ते परत एकदा शोधा, जुना २ आकडा तेव्हा लागू राहणार नाही. आणि रोलरचं काय निघालं ते इथे लिहा, नानांचा आणि माझा वाद अजून बाकी आहे.